उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. रिपोर्टमध्ये 'कियारी' लिहिलंय. ऑपरेशन करावं का?

मुग्धा_ठाणे
धागा बहिणीसाठी काढतेय. वय ३८, मुलुंडच्या एका शाळेत शिकवते, म्हणजे दिवसातला बराच वेळ उभी. गणपतीच्या आधी माळ्यावरून जड बॅग उतरवली, तेव्हा पाठीत दोन खांद्यांच्या मधे काहीतरी चमकलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोकेदुखी. सकाळी उठते तेव्हा ठीक असते. दुसरा तास संपेपर्यंत डोक्याच्या मागच्या बाजूला ओढ लागते, मान धरते, कानात दडे बसतात, मळमळतं. स्टाफरूममध्ये बाकावर आडवी झाली की पंधरा मिनिटांत उतार. उठली की परत.

आधी मायग्रेन म्हणाले, मग सायनस, मग मानेचा स्पॉन्डिलायटिस. मानेचा पट्टा झाला, गोळ्या झाल्या. साधा सीटी नॉर्मल. शेवटी मेंदूचा एमआरआय केला (कॉन्ट्रास्टशिवाय). त्यात लिहिलंय की लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या भोकातून ६ मिलिमीटर खाली उतरलंय, 'कियारी वनची शक्यता'. एका सर्जनने कवटीचा मागचा भाग थोडा कापून जागा मोठी करायचं ऑपरेशन सुचवलंय. घरी दोन तट पडलेत. कुणाला या ऑपरेशनचा अनुभव आहे का?

चहाबाज
उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. हे मला दर सोमवारी होतं.
(गंमत केली ताई, रागावू नका. जाणकार येतीलच.)

सुलभा_के
मुग्धा, हे मला झालेलं! सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं होतं, त्यानंतर आठवडाभर अगदी असंच. बसून बाळाला पाजताही यायचं नाही. डॉक्टर म्हणाले स्पायनल हेडेक, भरपूर पाणी आणि कॉफी प्या, आडव्या राहा. आपोआप गेलं. बहिणीला भूल कधी दिली होती?

मुग्धा_ठाणे
सुलभाताई, तेच तर. पाठीत सुई कधीच टोचलेली नाही. तिची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल.

नानासाहेब_गिरगाव
या वयात सगळ्यांचं मणक्याचं दुखणं निघतं. मोबाईल. मान खाली घालून बसायचं आणि मग एमआरआय काढायचे. माझ्या ओळखीचे एकजण मान 'बसवून' देतात, एका झटक्यात मोकळं वाटतं.

फिल्मवाला
नाना, तेवढं मात्र नको. या प्रकारच्या डोकेदुखीत मानेला झटका देणं धोक्याचं आहे. अशा झटक्यांनंतर मणक्यातलं आवरण फाटल्याच्या नोंदी आहेत.

मुग्धाताई, मी रेडिओलॉजीत आहे, बरीच वर्षं एमआरआयच वाचतोय. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यातली तीन वाक्यं माझ्या रिपोर्टिंगच्या टेबलावर आली असती तर मी लगेच फोन उचलला असता: सकाळी ठीक, उभं राहिल्यावर वाढत जाणारं, आडवं झाल्यावर पंधरा मिनिटांत कमी. ही मेंदूभोवतालचं पाणी, म्हणजे सीएसएफ, कमी झाल्याची डोकेदुखी असू शकते. सुलभाताईंना सुईच्या भोकातून जे झालं तेच सुईशिवायही होतं. मणक्यातलं आवरण स्वतःहून फाटतं, पाणी गळतं, आणि उभं राहिलं की आधार नसलेला मेंदू खाली सरकतो.

खाली सरकला की लहान मेंदूचं टोक भोकातून डोकावतं, आणि साध्या एमआरआयमध्ये ते हुबेहूब कियारीसारखं दिसतं. दोन्हीतला फरक कळण्याआधी कवटीचं ऑपरेशन करू नये. गळती तशीच राहते, आणि दुखणंही राहतं.

मला दोन गोष्टी सांगा. खोकताना, शिंकताना दुखतं, की उभं राहिल्यावरच? आणि कॉन्ट्रास्ट का दिला नाही?

मुग्धा_ठाणे
खोकल्याने थोडं वाढतं, पण मुख्य त्रास उभं राहण्याचाच. कॉन्ट्रास्टबद्दल कुणी काही बोललं नाही. चिठ्ठीवर फक्त 'डोकेदुखी' लिहिलेलं होतं.

फिल्मवाला
इथेच घोळ होतो. चिठ्ठीवर 'उभं राहिल्यावर वाढणारी' हे तीन शब्द असते, तर बघणाऱ्याने वेगळ्या जागा तपासल्या असत्या. नुसती 'डोकेदुखी' लिहिली की आम्ही गाठ, रक्तस्राव, सूज शोधतो.

न्यूरोलॉजिस्टकडून नवीन चिठ्ठी घ्या: मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्टसकट, आणि त्याच वेळी संपूर्ण मणक्याचा. किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

अनिरुद्ध_जे
एवढं कशाला? प्रेशर कमी आहे की नाही हेच बघायचं असेल तर पाठीतून सुई घालून प्रेशर मोजा. ६० मिलिमीटरच्या खाली आलं की निदान झालं. स्वस्त आणि मस्त. आणि नाकातून पाणी गळतंय का तेही बघा, माझ्या मेव्हण्याचं सीएसएफ नाकातूनच येत होतं.

फिल्मवाला
अनिरुद्ध, ६० चा आकडा बरोबर आहे, डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो आहेच. पण गळती सिद्ध झालेल्या बऱ्याच पेशंटमध्ये प्रेशर त्याच्या वरच येतं, कित्येकांत अगदी नॉर्मल. त्यामुळे प्रेशर नॉर्मल आलं म्हणून गळती नाही, असं म्हणता येत नाही. या आजाराच्या नावात 'लो प्रेशर' आहे, त्याने बरेच जण फसतात. शिवाय सुईने नवं भोक पडतं, मग दुखणं जुन्या भोकाचं की नव्या, हा प्रश्न उरतो. निदानासाठी ती सुई आता पहिली पायरी मानत नाहीत.

नाकातली गळती हा वेगळा प्रश्न. ती कवटीच्या तळातून होते, तिथे मेनिंजायटिसची भीती असते. उभं राहिल्यावरची ही डोकेदुखी जवळपास नेहमी मणक्यातल्या गळतीने होते.

अनिरुद्ध_जे
तरी मोजायला काय हरकत आहे? प्रेशर १० आलं तर एमआरआयचे पैसे वाचले ना.

फिल्मवाला
नाही वाचले. भोक कुठे आहे ते प्रेशर सांगत नाही. मणक्याचा एमआरआय लागतोच.

डोंबिवलीकर_सीमा
आमच्या मुलीला उभं राहिल्यावर डोकं जड, धडधड, चक्कर. तिचं पॉट्स निघालं. झोपलेली असताना आणि उभी केल्यावर दहा मिनिटं नाडी मोजली, ३० पेक्षा जास्त वाढली. मेंदूचा एमआरआय स्वच्छ होता. मुग्धा, तेही करून घे. घरी ऑक्सिमीटरवरही नाडी दिसते.

फिल्मवाला
चांगला मुद्दा. उलटही होतं: गळतीचा पेशंट महिनोन्‌महिने आडवा राहिला की त्याचीही नाडी उभं राहिल्यावर पळते. म्हणून नाडी वाढली म्हणून शोध थांबवू नका.

चहाबाज
कॉफीने खरंच फरक पडतो का? माझा चहाचा धंदा वाढेल.

सुलभा_के
मला कॉफीने दोन तास बरं वाटायचं. मग परत.

नानासाहेब_गिरगाव
फिल्टर कॉफी म्हणत असाल तर माटुंग्याला जा. आमच्या वेळी सकाळी तिथे रांग लागायची.

चहाबाज
नाना, रांगेत उभं राहायचं नाहीये, तोच तर आजार आहे.

मुग्धा_ठाणे
अपडेट. कॉन्ट्रास्टचा एमआरआय झाला. रिपोर्टमधलं मला कळलं तेवढं लिहिते. मेंदूवरचं जाड आवरण सगळीकडे कॉन्ट्रास्टने चमकतंय. मोठ्या शिरा फुगलेल्या. पिट्युटरीच्या वरची मोकळी जागा ३ मिलिमीटर. मेंदूच्या देठापुढची जागा ४ मिलिमीटर. रक्त किंवा पाणी साठलेलं नाही. शेवटी 'बर्न स्कोर ७'. हे काय आहे? नऊपैकी सात म्हणजे चांगलं की वाईट? आई विचारतेय पास की नापास.

फिल्मवाला
आईंना सांगा, पेपर कठीण होता पण उत्तर सापडलं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी हा हिशोब मांडलाय. सहा खुणा बघायच्या. तीन मोठ्या, प्रत्येकी दोन गुण: आवरण चमकणं, शिरा फुगणं, पिट्युटरीवरची जागा ४ मिलिमीटर किंवा कमी. तीन छोट्या, प्रत्येकी एक गुण. त्यातली एक म्हणजे देठापुढची जागा ५ किंवा कमी, ती तुमच्याकडे आहे. दोन, दोन, दोन आणि एक, सात. पाच किंवा जास्त असेल तर मणक्यात गळती सापडण्याची शक्यता मोठी. दोन किंवा कमी असेल तर शक्यता थोडी, पण शून्य नव्हे. साधारण पाचातल्या एकाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल असतो, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर 'मनाचे खेळ' असा शिक्का मारू नये.

आवरण का चमकतं? कवटीतली जागा ठरलेली असते. पाणी कमी झालं की ती जागा रक्त भरून काढतं: शिरा फुगतात, आवरणात रक्त वाढतं, पिट्युटरीसुद्धा सुजल्यासारखी दिसते. आवरण चमकतंय म्हणून टीबीचा मेनिंजायटिस समजून औषधं सुरू झालेले पेशंट मी बघितलेत. पण टीबीत चमक बहुतेक तळाशी, पातळ आवरणात असते. इथे ती बाहेरच्या जाड आवरणात, सगळीकडे सारखी, गुळगुळीत.

तुमचं कियारी हे कियारी नाही, असं मला वाटतं. मणक्यात काय निघालं?

मुग्धा_ठाणे
'आवरणाच्या बाहेर, पुढच्या बाजूला, सी ७ पासून डी ९ पर्यंत पाणी'. एवढं मोठं भोक?!

फिल्मवाला
भोक बहुधा मिलिमीटरभराचं. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल येते आणि पाइप पाचव्यावर फुटलेला असतो, तसंच हे. पाणी वर-खाली पसरतं, त्याच्या लांबीवरून जागा कळत नाही. पुढच्या बाजूचं भोक बऱ्याचदा गादीजवळ वाढलेल्या हाडाच्या बारीक काट्याने पडलेलं असतं, आणि नेहमीची जागा छातीच्या वरच्या मणक्यांत. बॅग उतरवताना खांद्यांमधे चमकलं होतं, तो धागा जुळतो, पण पुरावा म्हणून नाही.

सिस्टर_वर्षा
मी न्यूरो आयसीयूत काम करते. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. पन्नाशीतले एक पेशंट होते, मार लागलेला नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, तरी मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्त साठलेलं. भोकं पाडून काढलं. पुन्हा साठलं. पुन्हा काढलं, तर गुंगी वाढली. डोक्याकडची बाजू खाली केली की जागे व्हायचे! तेव्हा कुणीतरी बायकोला विचारलं, याआधी काय होत होतं? ती म्हणाली, दोन महिने उभं राहिलं की डोकं धरायचे. मणक्यातली गळती बंद केल्यावर रक्त साठणं थांबलं. मूळ गळती तशीच ठेवून वरचं रक्त काढत राहिलं, तर मेंदू आणखी खाली बसू शकतो.

पाऊसवेडा
आता माझं ऐका, म्हणजे मुग्धाताईंना कळेल त्या किती नशीबवान आहेत. मला उभं राहिल्यावर दुखायचंच, पण खोकल्यावर कवटी फुटेल असं वाटायचं. मेंदूचा एमआरआय बिघडलेला. मणक्याचा मात्र स्वच्छ, बाहेर एक थेंब पाणी नाही. सगळे बुचकळ्यात. पाणी जातं कुठे?

ते थेट शिरेत जात होतं. मणक्याच्या मुळापाशी आवरण आणि शेजारची शीर यांच्यात वाट पडते आणि पाणी रक्तातच मिसळतं, मग बाहेर साठणार काय? हा प्रकार २०१४ मध्ये पहिल्यांदा नीट वर्णन झाला, म्हणून जुन्या पुस्तकांत शोधलं तर सापडत नाही. माझा सापडायला कुशीवर झोपवून मायलोग्राम करावा लागला. पाठीतून डाय सोडतात, ती खालच्या कुशीला जमते आणि तेव्हाच फोटो काढतात. पहिल्यांदा पाठीवर झोपवून केला होता, काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदा उजव्या कुशीवर, एका शिरेत डायची बारीक रेघ दिसली. तेवढंच निदान! पुढे शिरेतून ती वाट बुजवली.

अनिरुद्ध_जे
म्हणजे शेवटी सुई घातलीच ना पाठीत?

पाऊसवेडा
हो अनिरुद्धराव, घातली. पण जागा शोधायला, आकडा मोजायला नाही.

मुग्धा_ठाणे
आमचे न्यूरोलॉजिस्ट म्हणतात आधी ब्लड पॅच करू, जागा नंतर शोधू. सर्जन (दुसरे) म्हणतात आधी जागा शोधा. फिल्मवाला, तुम्ही?

फिल्मवाला
यात मतभेद आहेत आणि दोघांकडेही कारणं आहेत. २०२३ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांचा कल असा: आडवं राहून, पाणी-कॉफीने भागलं नाही तर जागा न शोधता कमरेतून ब्लड पॅच, आणि त्याने भागलं नाही तर मायलोग्राम. पॅच म्हणजे स्वतःच्याच हातातून काढलेलं रक्त, साधारण २० मिली किंवा थोडं जास्त, आवरणाच्या बाहेर सोडतात. पुढच्या बाजूच्या काट्याने पडलेल्या भोकात कमरेतल्या पॅचचा फायदा बऱ्याचदा टिकत नाही, हे सर्जनचं म्हणणंही खरं. पण पॅच सोपा आहे. मी आधी पॅचच्या बाजूने.

पॅचनंतर काही आठवडे वाकणं, वळणं, वजन उचलणं बंद. शाळेच्या वह्यांचे गठ्ठेसुद्धा नाहीत.

मुग्धा_ठाणे
पॅच झाला. पहिले दोन दिवस ती स्वयंपाकघरात उभी राहून चक्क गप्पा मारत होती. तिसऱ्या रात्री भयंकर डोकं दुखलं, उलट्या. पॅच सुटला बहुतेक. परत करायला घेऊन जाऊ का?

फिल्मवाला
थांबा. आडवं झाल्यावर वाढतं की उभं राहिल्यावर?

मुग्धा_ठाणे
अगं बाई. आडवं झाल्यावर! उशी उंच करून बसली की बरं. आणि दुखतंय कपाळात, मागे नाही.

फिल्मवाला
मग पॅच सुटलेला नसावा, उलट लागलेला असावा. गळती थांबल्यावर दाब काही दिवस वर जातो. दुखणं उलटतं, मागचं पुढे येतं. अशात दुसरा पॅच केला तर बिघडेल. आत्ताच न्यूरोलॉजिस्टना फोन करा, पाणी कमी करायच्या गोळ्या देतात, बहुधा ॲसिटाझोलामाइड. धूसर दिसू लागलं किंवा झोपेतून उठेना, तर फोन नाही, थेट इमर्जन्सी. शिरेत गुठळी होणं क्वचित घडतं, तेही त्यांना बघायचं असेल.

सिस्टर_वर्षा
+१. आणि डोकं किती उंच ठेवल्यावर बरं वाटतं ते लिहून ठेवा, डॉक्टर विचारतात.

मुग्धा_ठाणे
गोळ्या सुरू झाल्या, डोळे तपासले, ठीक आहेत. हातापायाला मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, पण कपाळातलं दुखणं उतरलं. दोन आठवडे छान गेले. आता गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी चार-पाच वाजता मानेत जुनी ओढ परत सुरू झालीये. सकाळी काही नाही. हे परत तेच का?

पाऊसवेडा
माझंही तसंच होतं. दिवसाच्या उत्तरार्धात सुरू होणारं. थोडी गळती असेल तर उभं राहिल्यावर लगेच दुखत नाही, तासन्‌तास लागतात. घड्याळ लावून लिहा.

डोंबिवलीकर_सीमा
संध्याकाळची डोकेदुखी तर शिक्षकांना असतेच गं. चाळीस मुलं, फळा, घसा.

फिल्मवाला
सीमाताई, रविवारी काय होतं ते बघितलं की कळेल. घरी तितकाच वेळ उभी राहून कपडे वाळत घातले, भाजी निवडली आणि तरी दुखलं, तर फळ्याचा दोष नाही.

मुग्धाताई, आता मायलोग्रामकडे जायची वेळ आली, असं दिसतंय. पाणी पुढच्या बाजूला आहे, म्हणून तो पालथं झोपवून, कंबर उंच ठेवून करायचा. डाय पुढे सरकत असतानाच लागोपाठ सीटी घेतात, आणि जिथून ती पहिल्यांदा बाहेर पडते ती जागा. उशीर झाला की डाय सगळीकडे पसरते आणि परत तेच, सी ७ ते डी ९. म्हणून आधीच विचारा: तुम्ही पालथं करून करता का, डाय सोडल्यासोडल्या सीटी घेता का. दोन्हीचं उत्तर 'हो' आलं तरच तारीख घ्या. मुंबईत हे करणारे मोजके आहेत, पण आहेत. आणि सीटीत त्या भागात हाडाचा काटा दिसतोय का, तेही बघायला सांगा.

नानासाहेब_गिरगाव
तारीख मिळेपर्यंत बिचारीने काय करायचं? शाळेत खुर्ची द्या म्हणावं.

मुग्धा_ठाणे
नाना, खुर्चीने भागत नाही, बसूनही दुखतं. मुख्याध्यापिकांनी मधल्या सुट्टीत वाचनालयात आडवं व्हायची सोय केलीये. तिथे गादी आहे.

अनिरुद्ध_जे
इन्शुरन्सवाले मायलोग्राम मान्य करतात का? माझ्या मेव्हण्याच्या वेळी 'तपासणीसाठी दाखल' म्हणून नाकारलं होतं.

मुग्धा_ठाणे
हाच पुढचा प्रश्न. पॅचच्या वेळी 'उपचार' म्हणून मिळालं. मायलोग्रामचं टीपीए विचारतंय.

फिल्मवाला
न्यूरोलॉजिस्टकडून पत्र घ्या की पॅचनंतर त्रास परत आलाय आणि दुरुस्तीसाठी जागा ठरवायची आहे. मंजुरी मिळेलच असं नाही. आणि फिल्म घेऊन जाऊ नका, दोन्ही एमआरआयच्या सीडी घ्या. मणक्याच्या कापांतली पाण्याची कड फिल्मवर नीट दिसत नाही.

मुग्धा_ठाणे
पहिल्या सेंटरची सीडी उघडतच नाहीये. उद्या मुलुंडला जाऊन नवीन करून आणते. तारीख मिळाली की लिहीन.